पाडव्याचं पत्र आणि विहिरीतलं फूटभर पाणी

एका मंडळाचा प्रश्न: राजापूर तालुक्यातल्या तीन वाड्यांत पऱ्यांवर, म्हणजे ओढ्यांवर, मातीच्या गोण्या रचून आम्ही श्रमदानातून वनराई बंधारे बांधतो. यंदा १४ बांधले, त्यातले दोन ऑक्टोबरअखेरच्या पावसात वाहून गेले. देणगीदार ११२, बहुतेक मुंबई-ठाण्याचे चाकरमानी. ९४,६०० रुपये जमले, ८८,२०० खर्च झाले. बंधाऱ्यांजवळच्या सहा विहिरींचं पाणी गेल्या होळीपेक्षा यंदाच्या होळीला सरासरी ८० सेंटिमीटर वर आहे. बंधाऱ्यांपासून लांबच्या दोन विहिरीही मोजल्या, त्या ५० सेंटिमीटर वर आहेत. हे सांगायचं की नाही? पाडव्याला सगळ्यांना शुभेच्छापत्र पाठवायचंय. काम दिसावं, आभार पोचावेत, पण हात पसरल्यासारखं वाटू नये. मसुद्यात असं आहे: '४२ लाख लिटर पाणी अडवले, तीन वाड्या टंचाईमुक्त, आपल्या सढळ हातांमुळेच हे शक्य झाले, यापुढेही लोभ असावा.' काय बदलू?

माझं उत्तर: आधी आकडे घेऊ. ते नीट झाले की भाषा बरीचशी आपोआप सुधारते.

४२ लाख लिटर कुठून आले असतील याचा अंदाज येतो. बंधारा सहा मीटर रुंद, पाणी मागे पन्नास मीटर तुंबलेलं, उंची एक मीटर. तिन्हींचा गुणाकार ३०० घनमीटर, म्हणजे तीन लाख लिटर, गुणिले चौदा. पण बंधाऱ्यामागचं पाणी हौदासारखं चौकोनी नसतं. बंधाऱ्यापाशी ते मीटरभर खोल असतं आणि मागे जाता जाता शून्यावर येतं, म्हणून गुणाकाराचा निम्माच धरायचा. त्यात पऱ्याचे काठ उतरते असतात, मध्ये खोल आणि कडेला उथळ. तळ अगदी तिकोनी असेल तर गुणाकाराचा फक्त सहावा हिस्सा उरतो. बहुतेक पऱ्यांचा तळ या दोहोंच्या मधला असतो, तेव्हा तिसरा हिस्सा धरणं ठीक. दोन बंधारे गेले म्हणजे उरले बारा. बारा गुणिले शंभर घनमीटर, म्हणजे साधारण बारा लाख लिटर. बेचाळीसचे बारा झाले, आणि यात कोणी लबाडी केलेली नाही.

तरी हे बारा लाखही पत्रात घालू नका. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर लाख लिटरमधून काहीच उभं राहत नाही. मोठा आकडा आणि त्यामागे काहीतरी मागणी येणार, एवढंच त्याला कळतं. शिवाय अडवलेलं पाणी हे वाडीला मिळालेलं पाणी नव्हे. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये टँकर येतो, कारण उतार तीव्र आणि जांभा सच्छिद्र. पाणी येतं तसं निघून जातं. बंधाऱ्यामागचं काही पाणी मुरून विहिरीकडे येतं, काही बंधाऱ्याखालून झिरपून पुढे वाहून जातं, काही उन्हाने उडतं. देणगीदाराने पैसे दिले ते विहिरीसाठी. तेव्हा विहिरीबद्दलच बोला.

आता ते ८० सेंटिमीटर. तुम्ही लांबच्या दोन विहिरी मोजल्यात हे या सगळ्या कामातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल आहे, आणि त्या लपवल्यात तर पत्राचा जीवच जाईल. बंधारे नसलेल्या जागी पाणी ५० सेंटिमीटर वर आलं, याचा अर्थ तेवढी वाढ बंधाऱ्यांशिवायही झाली असती. पाऊस वेगळा असेल हे एक कारण. दुसरं कारण पंचांगात आहे आणि ते सहज नजरेतून सुटतं. २०२५ साली होळी १३ मार्चला होती, २०२६ साली २-३ मार्चला. तुम्ही दोन्ही वर्षी होळीलाच दोर सोडलात, पण यंदाची होळी दहा-अकरा दिवस आधी आली. मार्चमध्ये विहीर रोज उतरत असते. दिवसाला तीनच सेंटिमीटर उतरते असं धरलं तरी दहा दिवसांत ३० सेंटिमीटरचा फरक नुसत्या तिथीने पडतो, आणि अशा वर्षी न केलेल्या कामाचंही श्रेय पदरात पडतं. २०२७ साली उलट होईल: होळी २२ मार्चच्या सुमारास, जवळजवळ वीस दिवस उशिरा, आणि काम चांगलं होऊनही आकडा पडलेला दिसेल. म्हणून पुढच्या वर्षीपासून मोजणी १ मार्च, १ एप्रिल आणि १ मे या तारखांना करा, सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी, आणि कठड्यावर रंगाची खूण करून त्याच खुणेपासून.

लांबच्या विहिरींनी या दोन्ही गोष्टी तुमच्यासाठी वजा करून दिल्या आहेत. ८० वजा ५० म्हणजे ३० सेंटिमीटर, सुमारे एक फूट. दोनच विहिरींवरून काढलेला अंदाज आहे, तेव्हा 'सुमारे' हा शब्द खाऊ नका. पण हा फूट खराखुरा तुमचा आहे. आणि पाणी ओढलेल्या प्रत्येकाला तो कळतो: दोर फूटभर कमी सोडावा लागला. बेचाळीस लाख लिटर वाचून जो मान हलवतो, तो 'फूटभर' वाचून थांबतो, कारण उगाच फुगवायचं असतं तर कोणी फूटभर लिहिलं नसतं.

'टंचाईमुक्त' हा शब्द काढाच. तुमचं पत्र जातंय मार्चमध्ये, टंचाई कळते मेमध्ये. परीक्षा व्हायच्या आधी निकाल लावण्यातला हा प्रकार आहे, आणि वाडीतला एक फोन मुंबईला गेला की पितळ उघडं पडतं: 'अरे, टँकर तर परवाच येऊन गेला.' मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते वाक्य पोचायला पाच मिनिटं लागतात. पत्रात एवढंच लिहा की एप्रिल-मे अजून जायचे आहेत. जूनमध्ये पाऊस लागला की चार ओळींचा संदेश पाठवा: यंदा टँकर आला का, कोणत्या तारखेपासून, गेल्या वर्षी कधीपासून आला होता. टँकर सुरू झाल्याची तारीख ग्रामपंचायतीत मिळते.

वाहून गेलेल्या दोन बंधाऱ्यांचा उल्लेख मसुद्यात नाही. तो हवा, आणि कारणासकट हवा. 'अवकाळी पावसामुळे नुकसान झाले' असं लिहिलं की ते रडगाणं होतं. पाऊस पुरता थांबण्याआधी बांधले, म्हणून गेले. आता नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उलटल्याशिवाय गोणी लावायची नाही, असं लिहिलं की तो हिशोब होतो. कारण दुसरं असेल तर तेच लिहा. कधी गोण्यांत मातीऐवजी जाड वाळू भरलेली असते आणि पाणी आतून वाट काढतं. कधी सांडव्यासाठी मधली ओळ खाली ठेवायची राहते, मग पाणी कडेने फुटतं आणि काठच खातं. रिकाम्या गोण्या महिनाभर उन्हात पडून राहिल्या असतील तर त्यांचा धागा ठिसूळ होतो, आणि भरतानाच त्या उसवायला लागतात. गेलेल्या जागी उरलेल्या गोण्या बघितल्या की कळतं: काठ खचलेला असेल तर सांडवा चुकला, गोण्या फाटलेल्या असतील तर ऊन, आणि सबंध भिंतच पुढे सरकलेली असेल तर लोंढा. एका वाक्यात बसेल तेवढंच पत्रात द्या.

आता भाषा. कोकणात गाऱ्हाणं घालायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: मानकरी एकेक मागणं देवापुढे मांडतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देणगीदाराला लिहिताना नकळत तोच सूर लागतो. 'सढळ हात', 'फूल ना फुलाची पाकळी', 'खारीचा वाटा', 'यथाशक्ती' हे सगळे शब्द पावतीपुस्तकातून आलेले आहेत. ते दिसले की वाचणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जातो किंवा खिसा झाकतो. 'लोभ असावा' एरवी पत्राचा गोड शेवट, पण संस्थेच्या पत्रात 'यापुढेही' त्याला चिकटलं की ते मागणंच झालं. 'हातांमुळेच' मधला 'च' सुद्धा काढा. गोण्यांना आणि वाहतुकीला पैसे त्यांनी दिले, पण कमरेत वाकून माती भरली ती वाडीतल्या माणसांनी. मुंबईकरालाही ते माहीत असतं, त्यातली काही त्याचीच भावंडं असतात. दोघांचं दोघांना दिलं की आभार खरे वाटतात.

बँकेचा खाते क्रमांक, क्यूआर कोड, करसवलतीची ओळ, पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट यातलं काहीही या पत्रात नको, तळटीपेतही नको, लेटरहेडवर छापलेलं असेल तर साध्या कागदावर लिहा. यंदा पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे करबचतीच्या देणग्या मागणारे संदेश ज्या पंधरवड्यात येतात नेमक्या त्याच दिवसांत. अशा वेळी क्यूआर कोड असलेलं शुभेच्छापत्र कोणीही मागणीपत्र म्हणूनच वाचणार, मजकूर कितीही सोज्वळ असो. (२०२७ साली पाडवा ७ एप्रिलला आहे, तेव्हा हा ताण नसेल.) पावत्या आणि कराची प्रमाणपत्रं त्यांच्या वेळी स्वतंत्र पाठवा.

तुमच्या आकड्यांवर मजकूर असा बसतो:

'सप्रेम नमस्कार,

गुढीपाडव्याच्या तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना शुभेच्छा.

तुम्ही दिलेल्या देणगीतून यंदा तिन्ही वाड्यांच्या पऱ्यांवर १४ बंधारे झाले. गोण्या आणि वाहतूक देणगीतून आली. माती भरून गोण्या लावल्या त्या वाडीकरांनी. त्यातले दोन बंधारे ऑक्टोबरअखेरच्या पावसात वाहून गेले. पाऊस पुरता थांबण्याआधी बांधायची घाई आमचीच होती. आता नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उलटल्यावरच काम सुरू करू.

होळीला आम्ही आठ विहिरींत दोर सोडून पाणी मोजलं. होळी यंदा लवकर आली आणि पाऊसही वेगळा असेल, त्यामुळे सगळ्याच विहिरींत पाणी गेल्या होळीपेक्षा वर आहे. पण बंधाऱ्यांजवळच्या सहा विहिरींत ते लांबच्या दोन विहिरींपेक्षा सुमारे फूटभर अधिक चढलेलं आहे. तो फूट बंधाऱ्यांचा, असं आम्ही धरतो. एप्रिल-मे अजून जायचे आहेत. उन्हाळा कसा गेला ते जूनमध्ये कळवू.

वर्षभरात ११२ जणांकडून ९४,६०० रुपये आले, ८८,२०० खर्च झाले, ६,४०० शिल्लक आहेत. लेखापरीक्षण व्हायचं आहे.

या कामात तुम्ही सोबत होतात, त्याबद्दल मनापासून आभार. मे महिन्यात गावी आलात तर बंधाऱ्यावर चक्कर मारा. रस्त्यापासून पाऊलवाट आहे, वाडीत कोणालाही विचारलंत तर दाखवतील.'

एवढंच. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं होतं, आंतर्देशीय पत्रावर आरामात बसतं. शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय: बघायला बोलावणं हे मागण्याच्या बरोबर उलट आहे, आणि जो मेमध्ये आंबे-फणसांच्या निमित्ताने येणारच आहे त्याला ते खरंच जमतं. फक्त तोवर बहुतेक पऱ्या आटलेल्या असतील, तेव्हा 'पाणी बघायला या' असं लिहू नका. गोण्यांची कोरडी भिंत बघूनही माणसाला काम कळतं.

फोटो लावायचा असेल तर एकच. डोक्यावर दोन हंडे घेतलेली बाई आणि कोरड्या विहिरीत वाकलेलं पोर हे दोन्ही फोटो बाद. ते बोललेले नसतात तरी मागत असतात, आणि त्या बाईला विचारलेलंही नसतं. गोण्या लावताना उभी असलेली माणसं चालतील, त्यांना फोटो दाखवून होकार घ्या. त्याहून चांगला फोटो कठड्यावरच्या खुणेपासून आत सोडलेल्या दोराचा.

देणगीदारांची नावं छापायचा मोह होईल, देवळातल्या संगमरवरी पाटीसारखा, रकमेच्या उतरत्या क्रमाने. नको. शंभर रुपये देणाऱ्याचं नाव तळाशी गेलं की ते आभार राहत नाहीत, आणि पन्नास हजार देणाऱ्याला शेजाऱ्याने रक्कम वाचलेली आवडेलच असं नाही. एकूण किती जण, एवढं पुरे. प्रत्येक पत्रावर मात्र वरचं नाव हाताने लिहा, आणि खाली एक ओळ त्या माणसापुरती: 'गोण्या तुमच्या टेम्पोतून आल्या, एकही फाटली नाही' किंवा 'गेल्या मेमध्ये तुम्ही विचारलं होतंत ती वरची विहीरही मोजली'. ११२ पत्रांना दोघांनी बसून, पत्राला तीन मिनिटं धरली तर प्रत्येकी तीन तासांच्या आत काम संपतं. सही अध्यक्षांची हवीच असं नाही. ज्याने दोर सोडला त्याची सही असेल तर ते पत्र अधिक खरं वाटतं.

यादी पाठवण्याआधी एकदा वाडीतल्या जाणत्या माणसाबरोबर वाचा. ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलंय तिथे सण करत नाहीत, आणि तुमच्या यादीत 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' दिलेल्या देणग्या असणारच. त्यांच्या पत्रातून शुभेच्छेची ओळ पूर्ण काढा, नुसतं 'सप्रेम नमस्कार' ठेवा आणि मजकुरात एक वाक्य घाला: ज्यांच्या स्मरणार्थ देणगी होती त्यांचं नाव आणि ती कोणत्या वाडीच्या बंधाऱ्याला लागली ते. गुढीचं रंगीत चित्र त्या पाकिटात जाता कामा नये. तसंच कोकणी मुसलमान देणगीदारांचं. यंदा रमजान ईद पाडव्याच्या मागोमाग दोनेक दिवसांत येते आहे. त्यांना ईदच्या शुभेच्छा द्या, बाकीचा मजकूर अक्षर न बदलता तोच. म्हणून चित्र छापायचंच असेल तर गुढीऐवजी विहिरीचं घ्या, म्हणजे एकच कागद सगळ्यांना चालतो.

पोस्टाने पाठवायचं तर १० मार्चपर्यंत टाका, म्हणजे मुंबईला पाडव्याच्या आधी चार-पाच दिवस पोचेल. पाडव्याच्या सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं काहीच वाचलं जात नाही, शंभर गुढ्यांच्या खाली ते गाडलं जातं. व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर दोन दिवस आधी संध्याकाळी, आणि मजकूर चित्रात न भरता साध्या अक्षरांत पाठवा. वयस्कर माणसांना तो मोठा करून वाचता येतो. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवाल तर ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलेला नाही त्यांना संदेश पोचतच नाही, आणि तुम्हाला मात्र तो गेल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवशी ज्यांच्यापुढे बरोबरच्या दोन खुणा उमटलेल्या नाहीत त्यांना एकेकट्याने पाठवा.

पत्र गेल्यावर दहा-पंधरा फोन येतील आणि त्यातले दोघं-तिघं विचारतील, 'अजून काही लागतंय का?' इथे घाईने खाते क्रमांक पाठवलात तर सगळं पत्र मागे वळून मागणीपत्र ठरतं. खरं ते सांगा: सध्या ६,४०० शिल्लक आहेत, बंधाऱ्यांचं काम नोव्हेंबरात, तेव्हा किती गोण्या लागतील ते दसऱ्याच्या सुमारास ठरेल, त्या वेळी कळवतो. नाव वहीत टिपून ठेवा आणि दसऱ्याला त्यांना आठवणीने कळवा. ते मागणीचं पत्र असेल आणि तसंच उघडपणे लिहायचं: किती बंधारे, एकाला किती गोण्या, किती रुपये, खाते क्रमांक पहिल्याच पानावर. यंदाच्या हिशोबाने एका बंधाऱ्याला ६,३०० रुपये पडले आहेत. वाहून गेलेले दोन धरूनच तो भाग दिला आहे, आणि दसऱ्याच्या पत्रातही तो तसाच द्या.